तवाफच्या पहिल्या पावलापासून अरफातच्या सूर्यास्तापर्यंत : हज-ए-तमत्तोचे विधी

हजला निघणाऱ्यांच्या हातात दुआंच्या पुस्तिका भरपूर येतात. नातेवाईक देतात, शिबिरात मिळतात, मोबाइलवर तर रोज नवी येते. अरबी दुआ पाठ होत नाहीत म्हणून अनेकजण, विशेषतः वयस्क मंडळी, निघण्याआधीच धास्तावतात. ही धास्ती मनातून काढून टाका. दुआ मराठीत मागा, उर्दूत मागा, कोकणी बोलीत मागा, हजला त्याने काही बाध येत नाही. जपायच्या आहेत त्या दोनच गोष्टी, जागा आणि वेळ. काबाभोवतीची फेरी कुठून सुरू झाली, मीकातच्या आधी एहराम बांधला का, अरफातची हद्द कुठे संपते, सूर्य मावळला का. हजचं प्रत्येक काम अशा एखाद्या रेषेला बांधलेलं असतं आणि गर्दीत तीच रेषा नजरेतून सुटते.

भारतातून जाणारे बहुतेक हाजी हज-ए-तमत्तो करतात. म्हणजे आधी उमरा करून एहराम सोडायचा, मक्केत साध्या कपड्यांत राहायचं आणि 8 जिलहिज्जला हजसाठी नव्याने एहराम बांधायचा. हा लेख त्याच क्रमाने जातो आणि अरफातच्या मैदानापाशी थांबतो. महाराष्ट्रात बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या शाफई. दोन्ही मतांत जिथे व्यवहारात फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे. एकाच इमारतीत रत्नागिरीचे आणि मालेगावचे हाजी शेजारी-शेजारी उतरतात आणि एकमेकांचं बघून गोंधळतात, हे नेहमी घडतं.

एहराम : विमान हवेत असतानाच येणारी हद्द

मक्केच्या चहूबाजूंना ठरलेल्या जागा आहेत, त्यांना मीकात म्हणतात. हज किंवा उमऱ्यासाठी जाणाऱ्याने एहरामशिवाय ती ओलांडायची नसते. बोटीने हजला जायचे त्या काळात आपल्याकडच्या हाजींची मीकात यलमलम होती. आता जेद्दाला उतरणारं विमान मीकातची हद्द हवेतच ओलांडतं, उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी. त्यामुळे एहरामच्या चादरी चेक-इनच्या बॅगेत टाकणं ही फार महागात पडणारी चूक आहे. बॅग विमानाच्या पोटात आणि मीकात खिडकीखाली, अशी वेळ येते. चादरी घरून किंवा विमानतळावरूनच नेसून निघा. नियत मात्र विमान सुटल्यावर किंवा मीकात जवळ आल्यावर केली तरी चालते. विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला, तर एहरामच्या बंधनात ताटकळावं लागत नाही.

ज्यांचं विमान आधी मदिनेला जातं त्यांनी मुंबईहून एहराम बांधायचा नाही. ते साध्या कपड्यांत जातात आणि मदिनेहून मक्केला निघताना जुलहुलैफा इथे, ज्याला लोक बीर अली म्हणतात, एहराम बांधतात. तिथे मोठी मशीद आणि आंघोळीची सोय आहे.

कृती सोपी आहे. नखं आणि केस घरीच कापून घ्या, आंघोळ करा. पुरुषांनी दोन न शिवलेल्या चादरी घ्यायच्या, एक कमरेला आणि एक खांद्यावर. पायात अशी चप्पल की पावलाचा वरचा भाग उघडा राहील. स्त्रियांना नेहमीचे साधे, अंग झाकणारे कपडे चालतात, फक्त चेहऱ्याला कापड चिकटू द्यायचं नाही. दोन रकात नफल पढा. मग मनात नियत, “ऐ अल्लाह, मी उमऱ्याचा इरादा करतो, तो माझ्यासाठी सोपा कर आणि कबूल कर.” नियतीपाठोपाठ तलबिया : लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक, लब्बैक ला शरीक लक लब्बैक, इन्नल हम्द वन्नेमत लक वल मुल्क, ला शरीक लक. या क्षणापासून बंधनं लागू झाली. अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, केस-नखं कापणं नाही, पती-पत्नीचा संबंध नाही, शिकार नाही. पुरुषाने डोकं झाकायचं नाही आणि शिवलेले कपडे घालायचे नाहीत. कमरेला पैशांचा पट्टा बांधायला हरकत नाही. विमानात हात पुसायला मिळणारा सुवासिक ओला कागद तेवढा परत करा, लोक तो सवयीने तोंडावर फिरवतात.

तवाफ : सात फेऱ्या कुठून कुठे

मक्केत खोलीवर सामान ठेवा, जेवा, झोप झाली नसेल तर दोन-तीन तास झोपा. थकलेल्या अंगाने घाईघाईत केलेल्या पहिल्याच उमऱ्यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि लगेच निघायलाच हवं असा काही नियम नाही. हरममध्ये शिरताना दरवाजाचा क्रमांक लक्षात ठेवा. सगळे एकत्र असाल तर हरवल्यावर भेटायची जागा आत शिरण्याआधीच ठरवा, कारण आत फोन लागेलच असं नाही. चप्पल पिशवीत घालून जवळच ठेवा.

तवाफ हजर-ए-अस्वद, म्हणजे काबाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडापासून सुरू होतो. गर्दीत तो दिसत नाही. त्यासाठी त्याच्या समोरच्या बाजूला मशिदीच्या भिंतीवर हिरवा दिवा आहे. तो दिवा आणि तो कोपरा यांना जोडणारी एक सरळ रेषा मनात आखा. तुमची प्रत्येक फेरी याच रेषेवर सुरू होणार आणि इथेच संपणार. रेषेच्या थोडं अलीकडे थांबा, तलबिया बंद करा. पुरुषांनी वरची चादर उजव्या बगलेखालून काढून डाव्या खांद्यावर टाकायची, उजवा खांदा उघडा. तवाफची नियत करा. मग रेषेवर येऊन काबाकडे तोंड करा, हात उचलून “बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर” म्हणा, तळवे दगडाच्या दिशेने दाखवून त्यांचं चुंबन घ्या. यालाच इस्तिलाम म्हणतात. लगेच वळा, काबा डाव्या हाताला घ्या आणि चालू लागा. संपूर्ण फेरीत काबा डावीकडेच राहायला हवा.

दगडाचं प्रत्यक्ष चुंबन घ्यायला धक्काबुक्की करू नका. हजरत उमर त्या दगडासमोर उभे राहून म्हणाले होते की तू दगड आहेस, तू ना नफा देऊ शकतोस ना नुकसान, पैगंबरांनी तुझं चुंबन घेतलेलं मी पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. ती सुन्नत आहे आणि दुसऱ्याला इजा करणं हराम आहे, हिशेब एवढाच. शिवाय एहरामात असताना एक वेगळाच धोका असतो. हजर-ए-अस्वद, मुल्तजम, म्हणजे तो दगड आणि काबाचा दरवाजा यांच्यामधली भिंत, आणि काबाच्या गिलाफाला अत्तर लावलेलं असतं. तिथे हात-तोंड लावलं आणि खुशबू अंगाला लागली, तर प्रमाणानुसार सदका किंवा दम, म्हणजे बकऱ्याची कुर्बानी, द्यावी लागू शकते. गिलाफाला हात लावायचाच असेल तर एहराम सुटल्यावरच्या नफल तवाफात लावा.

थोडं पुढे गेलं की काबाचा दरवाजा, त्याच्या समोर मकाम-ए-इब्राहिम आणि मग अर्धवर्तुळाकार, छातीइतकी उंच संगमरवरी भिंत येते. हा हतीम. याच्या आतून जायचं नाही. कुरैशांनी काबा नव्याने बांधला तेव्हा हलाल कमाईचा पैसा अपुरा पडला, म्हणून त्यांनी मूळ इमारतीचा हा भाग बाहेर सोडून भिंती उभारल्या. म्हणजे हतीममध्ये उभं राहणारा माणूस एका अर्थाने काबाच्या आतच असतो आणि तवाफ तर काबाच्या बाहेरून करायचा असतो. गर्दीच्या रेट्याने किंवा रिकामी जागा दिसली म्हणून कुणी एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडला, तर ती फेरी धरू नये, पुन्हा करावी. हतीममध्ये नमाज पढायची असेल तर सात फेऱ्या संपल्यावर जा.

हतीम ओलांडून पुढचा कोपरा गेला की त्यानंतरचा कोपरा रुक्न-ए-यमानी. हात पोहोचला तर स्पर्श करायचा, न पोहोचल्यास लांबून इशारा करायचा नाही. तिथून हजर-ए-अस्वदपर्यंत पैगंबर जी दुआ पढत ती बहुतेकांना लहानपणापासून येते : रब्बना आतिना फिद्दुन्या हसनतंव व फिल आखिरति हसनतंव व किना अजाबन्नार. बाकी फेरीत ठरलेली अशी दुआ नाही. “पहिल्या फेरीची दुआ”, “दुसऱ्या फेरीची दुआ” असं छापलेलं पुस्तक डोळ्यासमोर धरून चालणारे लोक पुढच्याच्या टाचांवर पाय देतात. त्यापेक्षा मनातलं मागा. हिरव्या दिव्याच्या रेषेवर आलात, पुन्हा इस्तिलाम केलात, एक फेरी झाली.

पहिल्या तीन फेऱ्यांत पुरुषांनी खांदे हलवत झपझप चालायचं असतं, त्याला रमल म्हणतात. हिजरी 7 मध्ये, म्हणजे इसवी सन 629 मध्ये, मुसलमान मदिनेहून उमऱ्याला आले. मदिनेच्या तापाने हे लोक खंगले आहेत, असं मक्केचे लोक बोलत होते. त्यांना ताकद दिसावी म्हणून पैगंबरांनी तसं चालायला सांगितलं आणि पुढे ती सुन्नत झाली. आज मताफात, म्हणजे काबाभोवतीच्या तवाफच्या जागेत, पाऊल टाकायला जागा नसेल तर रमल सोडून द्या. स्त्रियांना रमल नाही आणि खांदा उघडा ठेवणंही नाही.

मोजणीचं काय? सात मण्यांची छोटी तसबीह बोटात घाला आणि फक्त रेषेवर मणी ओढा, मध्ये नाही. पडताळा असा : सात फेऱ्यांत इस्तिलाम आठ होतात, एक सुरुवातीचा आणि सात प्रत्येक फेरीच्या शेवटचे. पाच झाल्या की सहा असा संशय आला तर पाच धरा आणि एक जास्त घाला. नवरा सहा म्हणतो आणि बायको पाच, तरी तोडगा हाच.

वुजू हा तवाफातला दुसरा अवघड प्रश्न. तवाफ वुजूनेच करायचा. मध्येच वुजू तुटला तर बाहेर येऊन वुजू करा आणि उरलेल्या फेऱ्या पूर्ण करा. ज्या फेरीत वुजू गेला ती हजर-ए-अस्वदपासून नव्याने घ्या म्हणजे शंका राहत नाही. फर्ज नमाजची जमात उभी राहिली तरी असंच, थांबून नमाज पढायची आणि पुढे चालू करायचं.

शाफई लोकांना इथे जास्त अडचण येते. त्यांच्या मताप्रमाणे परक्या स्त्री-पुरुषाच्या उघड्या त्वचेचा स्पर्श झाला की वुजू जातो, आणि पती-पत्नीचाही त्यात समावेश आहे. मताफात हात हाताला लागणार नाही हे अशक्य. म्हणून तवाफापुरतं हनफी मत धरायला शाफई उलमा मुभा देतात, पण मग वुजूही हनफी नियमाने पुरा हवा. डोक्याच्या निदान चौथ्या हिश्श्यावर ओला हात फिरवायचा, शाफईंत चालतो तसा दोन-चार केसांवर नाही. कोकणातल्या हाजींनी ही गोष्ट निघण्याआधी आपल्या जमातीच्या मौलानांना विचारून पक्की करावी, म्हणजे मताफात उभं राहून घालमेल होणार नाही. हातमोजे हा उपाय स्त्रियांना सुचतो, पण शाफई मताप्रमाणे एहरामात स्त्रीने हातमोजे घालायचे नसतात. बाह्या लांब ठेवा, त्याने बरंच काम होतं.

खालचा मताफ भरलेला असेल तर वरच्या मजल्यांवरून किंवा छतावरून तवाफ होतो. तिथे ढकलाढकली कमी, पण फेरीचं अंतर कितीतरी पट वाढतं. गुडघे दुखणाऱ्याने छतावर चालत सात फेऱ्या घालायचं ठरवण्याआधी विचार करावा. व्हीलचेअरची सोय आहे आणि त्यावरून केलेला तवाफ पूर्ण तवाफ असतो.

सात फेऱ्या झाल्या की उजवा खांदा झाका. उघड्या खांद्याने नमाज पढणारे पुष्कळ दिसतात, ते चूक आहे. मकाम-ए-इब्राहिमच्या मागे दोन रकात पढा, तिथे गर्दी असेल तर मशिदीत कुठेही. मकामला चिकटून नमाजला उभं राहणारा सगळ्या मताफाचा प्रवाह अडवतो. मग पोटभर जमजम प्या.

सई आणि केस

सफा आणि मर्वा या दोन टेकड्या आता मशिदीच्या आतच आहेत. त्यांच्यात पाण्यासाठी धावलेल्या बीबी हाजरांची ही आठवण. सफावर चढून काबाकडे तोंड करून दुआ मागा आणि मर्वाकडे चला. सफा ते मर्वा एक, मर्वा ते सफा दोन. अशा सात, म्हणजे शेवट मर्वावर होतो. सातवी फेरी सफावर संपत असेल तर हिशेब चुकला आहे. जाऊन-येऊन एक धरणारे चौदा खेपा घालून पाय सुजवून घेतात. सगळं मिळून अंतर तीन किलोमीटरच्या आसपास होतं. मध्ये हिरव्या दिव्यांचा पट्टा लागतो, तिथे पुरुषांनी हळू धावायचं. सईला वुजू असणं चांगलं, पण शर्त नाही. थकलात तर बसा, पाणी प्या, पुन्हा सुरू करा.

सईनंतर पुरुषांनी मुंडण करावं किंवा केस बारीक करावे. मर्वाबाहेर कात्री घेऊन उभी असलेली मुलं दोन बटा कापून पैसे मागतात. हनफी मताप्रमाणे तेवढ्याने एहराम सुटत नाही, निदान चौथाई डोक्याचे केस बोटाच्या एका पेराइतके कापले जायला हवेत. शाफईंत तीन केसांनीही भागतं, तरी सगळ्या डोक्याचे कापणंच उत्तम. स्त्रियांनी केसांची टोकं एकत्र धरून एक पेरभर कापायची, तीही खोलीवर किंवा आडोशाला. उमरा झाला, बंधनं संपली.

मासिक पाळी आली तर

हा प्रश्न स्त्रिया विचारायला लाजतात आणि पुरुष टाळतात, म्हणून तो इथे नीट मांडतो. तवाफ सोडून हजचं कुठलंही काम पाळीमुळे अडत नाही. पैगंबरांच्या शेवटच्या हजमध्ये, हिजरी 10 ला, वाटेत सरिफ इथे हजरत आयशांना पाळी आली आणि त्या रडू लागल्या. हाजी करतात ते सगळं कर, फक्त तवाफ करू नकोस, असं पैगंबरांनी त्यांना सांगितलं.

एक उदाहरण घेऊ. चिपळूणचं एक जोडपं 4 जिलहिज्जला जेद्दाला उतरतं. बायकोने मुंबईहून उमऱ्याची नियत केली आहे आणि त्याच रात्री तिला पाळी येते. नवरा पहाटे उमरा करून मोकळा होतो. ती एहरामातच राहते, म्हणजे सुगंध नाही, केस कापणं नाही. पाळी आली म्हणून एहराम सुटत नाही. जिक्र आणि दुआ करायला तिला पूर्ण मोकळीक आहे. 8 च्या सकाळपर्यंत ती पाक झाली तर आंघोळ करून उमरा उरकते आणि हजचा नवा एहराम बांधते.

नाही झाली तर? ती शाफई असेल तर आहे त्या एहरामातच हजचीही नियत करते. तिचा हज आता किरान झाला. ती मिनाला जाते, अरफातला जाते. पुढे पाक झाल्यावर केलेला एक तवाफ आणि एक सई तिच्या हज आणि उमरा दोन्हींना पुरते. तिच्यावर एक कुर्बानी राहते, जी तमत्तोत एरवीही होतीच. तीच बाई हनफी असेल तर ती उमऱ्याचा एहराम सोडते, केस विंचरते आणि फक्त हजचा एहराम बांधते. हजनंतर तनईमच्या मस्जिद-ए-आयशाला जाऊन उमऱ्याचा एहराम बांधून राहिलेला उमरा करते आणि तो सोडल्याबद्दल एक दम देते. तमत्तोची कुर्बानी तिला लागू नाही. दोन्ही वाटांनी तिचा हज पूर्ण होतो. जे करायचं नाही ते एकच, नवऱ्याच्या किंवा ग्रुपच्या घाईपोटी त्या अवस्थेत तवाफ उरकून घेणं. पाळी लांबवण्याच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर घरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि निघण्याआधीच. मक्केत शेजारणीच्या पाकिटातली गोळी घेऊ नका, अनियमित रक्तस्राव सुरू झाला की पाक कधी झाले हेच कळेनासं होतं.

8 जिलहिज्ज : मिना

हजचा एहराम मक्केतल्या खोलीवरच बांधायचा, हरममध्ये जायची सक्ती नाही. भारतीय हाजींची बरीच व्यवस्था मक्केच्या अजीजिया भागात असते आणि तिथून मिना जवळ आहे. सुन्नत अशी की 8 ला जोहरपासून 9 च्या फजरपर्यंत पाच नमाजा मिनात पढायच्या. प्रत्यक्षात बसगाड्या 7 च्या रात्रीपासूनच माणसं नेऊ लागतात. त्यामुळे 7 च्या संध्याकाळी आंघोळ करून तयार असा.

पिशवीत काय? एक जादा एहराम, चटई, छत्री, पाण्याची बाटली, रोजची औषधं, बिनवासाचा साबण. मोठी बॅग खोलीवरच सोडा. मिनातले तंबू एकसारखे दिसतात, म्हणून पोहोचताक्षणी मकतबचा, म्हणजे आपल्या छावणीचा, क्रमांक आणि जवळच्या खांबावरचा क्रमांक लिहून घ्या. मनगटावरचा पट्टा काढू नका. इथे नमाज कसर, म्हणजे प्रवाशासारखी छोटी, पढायची की पूर्ण, हे तुम्ही मक्केत किती दिवस राहता यावर ठरतं आणि त्यावरून तंबूत वाद होतात. आपल्या आलिमाला आधी विचारून ठेवा आणि वादात पडू नका.

9 जिलहिज्ज : अरफात

हज म्हणजे अरफात, असं पैगंबरांचं वचन आहे. हजची दुसरी बरीच कामं राहिली तर दम देऊन किंवा नंतर करून भरपाई होते. अरफातचा वुकूफ, म्हणजे तिथलं थांबणं, राहिला तर हज गेला, मग उमऱ्याचे विधी करून एहराम सोडायचा आणि हज पुन्हा कधीतरी.

या वुकूफची वेळ 9 च्या जवालपासून, म्हणजे सूर्य डोक्यावरून कलल्यापासून, 10 च्या पहाटे फजर होईपर्यंत असते. मे-जूनमध्ये मक्केत जवाल दुपारी साडेबाराच्या आत होतो. एवढ्या वेळात अरफातच्या हद्दीत एक क्षणभर असलात तरी फर्ज अदा झाला. उभे असा, बसलेले, झोपलेले किंवा चालत्या बसमध्ये. म्हणूनच दवाखान्यातल्या रुग्णांनाही रुग्णवाहिकांच्या ताफ्यातून अरफातला आणतात. बस अडकून कुणी रात्री नऊला पोहोचला तरी त्याचा वुकूफ झाला. हे माहीत असलं की वाहतूक कोंडीत जीव घाबरत नाही.

दिवसा पोहोचलेल्यांसाठी मात्र हनफी मताप्रमाणे सूर्यास्तापर्यंत हद्दीतच थांबणं वाजिब आहे. मावळण्याआधी हद्द ओलांडली आणि परत आला नाही तर दम. शाफईंत सूर्यास्तापर्यंत थांबणं सुन्नत आहे, पण तिथेही बाहेर पडायचं काही कारण नाही. धोका असतो तो संध्याकाळी. पाच-सहापासून बस आणि माणसं रात्रीच्या मुक्कामाच्या जागेकडे, मुजदलिफाच्या बाजूला सरकू लागतात. “रांगेत लवकर लागू” म्हणत निघालेले लोक नकळत फलकापलीकडे गेलेले असतात. हद्दीवर अरफातचे मोठे पिवळे फलक आहेत, कुठली बाजू आतली ते त्यावर लिहिलेलं असतं. सकाळी तंबूत पोहोचलात की सर्वात जवळचा फलक कुठे आहे ते एकदा विचारून घ्या.

हद्दीबाबत दुसरा गोंधळ मस्जिद-ए-नमिरामध्ये होतो. ही प्रचंड मशीद हद्दीवरच आहे. तिचा पुढचा, किबल्याकडचा भाग उरना खोऱ्यात येतो आणि तो अरफातच्या बाहेर आहे. मागचा भाग आत. जोहरला पुढे जागा मिळाली म्हणून खूश होऊन तिथेच संध्याकाळपर्यंत दुआ करत बसला, तर वुकूफ झालाच नाही. आत फलक लावलेले आहेत, ते वाचा आणि खुतबा-नमाज झाली की मागे या. जबल-ए-रहमतवर चढणं तर मुळीच आवश्यक नाही. मी इथे थांबलो आहे आणि अख्खं अरफात थांबण्याची जागा आहे, असं पैगंबरांनी स्वतः सांगितलं. उन्हात त्या टेकडीकडे चालत गेलेला माणूस परत तंबू शोधता शोधता दुपार घालवतो आणि नेमकी हीच दुपार दुआसाठी असते.

नमाजचा मुद्दा : नमिरात इमाम जोहर आणि असर एकत्र, जोहरच्या वेळी पढवतात. तंबूत राहिलेल्यांत मतभेद दिसतो. इमाम अबू हनीफांच्या मताप्रमाणे एकत्र करणं त्या मोठ्या जमातीपुरतं आहे, म्हणून हनफी तंबूत जोहर जोहरला आणि असर असरला होते. शाफई प्रवासी दोन्ही एकत्र पढतो. शेजारचा वेगळं करतोय म्हणून त्याला टोकू नका. या दिवशी हाजीने रोजा ठेवायचा नसतो. पैगंबरांचा रोजा आहे की नाही अशी लोकांना शंका होती, तेव्हा उम्मे फज्ल यांनी दुधाचा पेला पाठवला आणि त्यांनी उंटावर बसूनच तो सर्वांसमोर प्यायला.

ऊन गंभीरपणे घ्या. 2024 मध्ये अरफातचा दिवस 15 जूनला आला. त्या हजच्या काळात मक्केत पारा 50 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारने 1301 मृत्यू जाहीर केले. त्यातले बहुसंख्य परवान्याशिवाय आलेले, तंबू आणि वाहनाची सोय नसलेले होते. एहरामातल्या पुरुषाला टोपी-रुमाल नाही, पण छत्री चालते, ती डोक्याला टेकत नाही. तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट पाणी आणि अधूनमधून ओआरएस घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा. एखादा बरळू लागला, अंग तापलेलं पण डोकं ठिकाणावर नाही असं दिसलं, तर त्याला सावलीत घ्या, मानेवर, बगलेत ओलं कापड ठेवा आणि ताबडतोब वैद्यकीय पथकाकडे न्या. मधुमेहींनी जेवण टाळून गोळी घेऊ नये.

दिवस असा बसवा. सकाळी पोहोचल्यावर खा आणि झोपा. जवालच्या आधी जमल्यास आंघोळ, नाहीतर वुजू. जोहर झाली की किबल्याकडे तोंड करून हात उचला. उभं राहणं उत्तम, पण सहा तास कुणालाच उभं राहवत नाही, थकल्यावर बसा. तलबिया, दरूद, इस्तिगफार, मग दुआ. घरून निघताना ज्यांनी “आमच्यासाठी माग” म्हटलं त्यांची नावं वहीत लिहून आणा, ऐनवेळी आठवत नाहीत. असरनंतर चहाच्या ठेल्याजवळ आणि फोनवर वेळ जातो, तो तेवढा राखा. घरी व्हिडिओ कॉल करून मैदान दाखवायचं असेल तर ते सकाळीच उरका.

सूर्य मावळला की मगरिबची अजान होईल, पण हाजीने मगरिब अरफातमध्ये पढायची नाही आणि वाटेतही नाही. ती मुजदलिफाला पोहोचून इशाच्या वेळी इशासोबत पढायची. बस मिळायला मध्यरात्र झाली तरी हरकत नाही, त्या वेळात तलबिया चालू ठेवा. चालत किंवा ट्रेनने जाणाऱ्यांनी पुढच्या हद्दीकडे लक्ष द्यावं. रस्त्याच्या कडेला चटया टाकून झोपलेले लोक दिसले की मुजदलिफा आलं असं वाटतं आणि माणूस तिथेच पथारी पसरतो. त्यातले कित्येक अजून हद्दीच्या अलीकडेच असतात. मुजदलिफाचा फलक ओलांडल्याची खात्री करूनच सामान खाली ठेवा. मग दोन्ही नमाजा पढा आणि सकाळी जमरातीला मारण्यासाठी हरभऱ्याएवढे खडे वेचून घ्या.